चौकटीतल्या सोर्सपुढचा 2000 नक्की कशाचा?

नोडपाशी_अडकलेली
काल रात्रीपासून एका गणितावर डोकं आपटतेय. सर्किट अगदी साधं आहे, एकच लूप. १२ व्होल्टचा गोल सोर्स, त्याच्या प्लसपासून निघालं की २ किलोओहमचा रेझिस्टर. त्यातून उजवीकडे जाणाऱ्या करंटला i_x असं नाव दिलंय. पुढे ४ किलोओहमचा रेझिस्टर. त्याच्या पुढे पत्त्यातल्या चौकटीच्या आकाराचा सोर्स, त्याचं खालचं टोक ग्राउंडला. चौकटीत वर प्लस, खाली मायनस, आणि शेजारी नुसतं `2000 i_x` लिहिलंय. i_x काढा म्हणे.

आमच्याकडे नेहमी किलोओहम आणि मिलिअँपिअर घेऊन गणितं करतात, शून्यं कमी लिहावी लागतात म्हणून. मीही तसंच केलं:

```
12 = 2i + 4i + 2000i
i = 12/2006 = 0.00598 mA
```

मागे उत्तर दिलंय १.५ मिलिअँपिअर. कुठे चुकलं तेच कळत नाही.

आणि मूळ शंका अशी की, हे चौकटवाले, म्हणजे कंट्रोल्ड सोर्स चार प्रकारचे असतात म्हणतात. चित्रात बघून कुठला ते कसं ओळखायचं? आणि हा 2000 म्हणजे दोन हजार *काय*?

---

जुना_टेक्निशियन
कंट्रोल्ड सोर्स म्हणजे टेबलावरचा पॉवर सप्लाय ना? त्याला दोन नॉब असतात, एक व्होल्टेजचा आणि एक करंटचा. लोड जास्त झाला की CC चा दिवा लागतो, म्हणजे आता तो करंट सांभाळतोय. लोड कमी झाला की परत CV. चार प्रकार ऐकले नव्हते, आमच्याकडे दोनच होते. १२ व्होल्ट लावून मीटर सिरीजमध्ये घाल, उत्तर समोर दिसेल.

---

टवाळ_टर्मिनल
काका, तिच्या सर्किटातला रेझिस्टर कागदावर आहे. मीटर कुठे टोचणार?

---

ओहमकार
सोपं आहे. शेजारी काय लिहिलंय ते बघायचं. i_x लिहिलंय म्हणजे करंट सोर्स, v_x लिहिलं असतं तर व्होल्टेज सोर्स. इथे i_x आहे, म्हणजे हा करंटच्या दोन हजारपट करंट देणारा सोर्स. 2000 ला एकक नाही, नुसता आकडा. पुस्तकातलं उत्तर चुकलं असणार, छापील उत्तरं बऱ्याचदा चुकतात.

---

मीटरबाई
ओहमकार, तुमचं निम्मं बरोबर आहे आणि नेमकं त्या निम्म्यानेच घोळ होतो. शेजारचं अक्षर हे *हुकूम कोण देतंय* ते सांगतं. *बाहेर काय येतंय* ते त्यातून कळत नाही. ते कळतं चौकटीच्या पोटात बघून. प्लस-मायनस असेल तर बाहेर व्होल्टेज, बाण असेल तर बाहेर करंट. या दोन प्रश्नांची प्रत्येकी दोन उत्तरं, म्हणून चार प्रकार झाले. वेगळे पाठ करायची गरज नाही.

इथे पोटात प्लस-मायनस आहे आणि शेजारी i_x. म्हणजे करंटच्या हुकमावर व्होल्टेज देणारा सोर्स.

तुमचं म्हणणं धरून बघू या. समजा तो करंट सोर्स आहे. मग एकाच लूपमध्ये २ किलोओहममधून i_x जातो आणि त्याच तारेवरच्या चौकटीतून 2000 i_x जातो. लूप एक, वाट एक, मधे फाटा नाही. i_x = 2000 i_x व्हायचं तर i_x शून्यच हवा. म्हणजे दोन्ही रेझिस्टरवर काही पडणार नाही आणि सगळे १२ व्होल्ट चौकटीवर जातील. गणित म्हणून चालतं, पण असला प्रश्न कोणी मुद्दाम घालणार नाही.

आता धागाकर्तीचा मुद्दा. हुकूम अँपिअरमध्ये येतो, बाहेर व्होल्ट पडतात. मग मधला आकडा कशाचा असायला हवा? अँपिअरने गुणल्यावर व्होल्ट यायला हवेत, म्हणजे व्होल्ट प्रति अँपिअर. त्यालाच आपण ओहम म्हणतो. तुझा 2000 हा २००० ओहम आहे. तू बाकीचे दोन्ही रेझिस्टर किलोओहममध्ये नेलेस आणि याला तसाच ठेवलास. मिलिअँपिअरच्या हिशेबात तो २ व्होल्ट प्रति मिलिअँपिअर होतो:

```
12 = 2i + 4i + 2i
i = 12/8 = 1.5 mA
```

पडताळा: चौकटीवर २००० × ०.००१५ = ३ व्होल्ट. रेझिस्टरवर ३ आणि ६. बेरीज १२.

---

नोडपाशी_अडकलेली
अरे देवा. एवढंच होतं! रेझिस्टरपुढे k लिहिलेला असतो म्हणून त्याला हात लावला, 2000 पुढे काहीच नव्हतं म्हणून तो तसाच राहिला.

पण मीटरबाई, २००० ओहम आहे आणि १.५ मिलिअँपिअरला ३ व्होल्ट पडतात, तर मग ती चौकट म्हणजे सरळ २ किलोओहमचा रेझिस्टरच झाला की. सोर्स का म्हणायचं?

---

टवाळ_टर्मिनल
रेझिस्टरने वेषांतर केलंय.

---

मीटरबाई
प्रश्न चांगला आहे. या सर्किटात तो रेझिस्टरसारखा वागतो कारण त्याला हुकूम देणारा करंट त्याच्याच अंगातून जातोय. i_x दुसऱ्या एखाद्या शाखेतला असता तर ३ व्होल्ट एकीकडे आणि त्यांचं कारण दुसरीकडे, असं झालं असतं. रेझिस्टरला ते जमत नाही, त्याला फक्त स्वतःचाच करंट कळतो.

आणखी एक करून बघ. चौकट तशीच ठेव, फक्त प्लस खाली आणि मायनस वर कर. आता ती १२ व्होल्टच्या मदतीला येते:

```
12 + 2i = 2i + 4i
i = 3 mA
```

आता पॉवर मोज. गोल सोर्स १२ × ३ = ३६ मिलिवॉट देतो. रेझिस्टर एकूण ६ किलोओहमचे, ३ मिलिअँपिअरला ५४ मिलिवॉट खातात. वरचे १८ कुठून आले? चौकटीतून, ६ व्होल्ट गुणिले ३ मिलिअँपिअर. कुठलाच रेझिस्टर पॉवर देत नाही. तुझ्या मूळ सर्किटात मात्र ती ४.५ मिलिवॉट खात होती. एकच 2000, एकच ओहम, फक्त चिन्हं उलटी झाली आणि ती खाणारीची देणारी झाली.

याच उलट्या जोडणीत 2000 च्या जागी 6000 घालून बघ. समीकरण 12 = 0 होतं, म्हणजे उत्तरच नाही. तिथे आकडेमोड चुकली असं समजून तास घालवू नकोस.

---

सिम्युलेटर_शंभू
थांबा थांबा. मी मूळ सर्किट सिम्युलेटरमध्ये घातलं आणि मला ३ मिलिअँपिअर आले, १.५ नाही. प्लस वरच ठेवला होता. एकक पण बरोबर आहे, 2000 च दिलंय. मीटरबाईंचं आणि पुस्तकाचं दोन्ही चुकलं का काय?

```
एक लूप
V1 1 0 12
R1 1 2 2k
R2 2 3 4k
H1 3 0 V1 2000
.op
.end
```

H म्हणजे करंटवरून व्होल्टेज, हे बरोबर आहे ना? E आणि H मध्ये माझा नेहमी गोंधळ होतो.

---

रेडिओवाला
H बरोबर आहे. E व्होल्टेजवरून व्होल्टेज, G व्होल्टेजवरून करंट, F करंटवरून करंट, H करंटवरून व्होल्टेज.

तुझा आकडा मात्र ओळखीचा वाटत नाही का? मीटरबाईंनी चौकट उलटी केली तेव्हा नेमके ३ मिलिअँपिअर आले होते. तूही नकळत तेच केलंस. स्पाइसमध्ये H ला करंट थेट रेझिस्टरमधून घेता येत नाही, कुठल्या तरी व्होल्टेज सोर्सचं नाव द्यावं लागतं. तू V1 दिलंस. पण स्पाइस सोर्सचा करंट प्लस टोकातून *आत* शिरणारा धरतं. बॅटरीसारखं काम करणाऱ्या V1 मधून तो बाहेर पडतोय, म्हणून त्याच्या लेखी तो उणे. तुझा i_x उणे झाला आणि चौकट उलटली.

जिथून i_x जातो त्या तारेत शून्य व्होल्टचा एक सोर्स घाल, पहिला नोड करंट येतो त्या बाजूचा:

```
एक लूप, पुन्हा
V1 1 0 12
Vs 1 4 0
R1 4 2 2k
R2 2 3 4k
H1 3 0 Vs 2000
.op
.end
```

---

सिम्युलेटर_शंभू
१.५ मिलिअँपिअर. नोड ३ वर बरोबर ३ व्होल्ट. शून्य व्होल्टचा सोर्स हा प्रकार मला आजवर निव्वळ खुळेपणा वाटायचा.

---

ओहमकार
माझं चुकलं हे मान्य. पण मग हे सांगा. ट्रान्झिस्टरच्या मॉडेलमध्ये कलेक्टरला चौकट असते, आत बाण. एका पुस्तकात शेजारी `beta i_b` लिहितात, दुसऱ्यात `gm v_be`. ट्रान्झिस्टर तोच आहे. मग तो करंटच्या हुकमावर चालतो की व्होल्टेजच्या? यावर मी आधी एकदा भांडलोय आणि हरलोय.

---

मीटरबाई
बाण दोन्हीकडे आहे ना? म्हणजे बाहेर करंटच येतो, त्याबद्दल वाद नाही. राहिला हुकूम. बेसच्या रेझिस्टरमुळे i_b आणि v_be एकमेकांना बांधलेले आहेत, म्हणून कुठलंही लिहा. फक्त आकडा बदलला की त्याचं एकक बदलतं. कलेक्टरला १ मिलिअँपिअर चालू असेल आणि बीटा १०० असेल असं धरा. साध्या तापमानाला gm साधारण १ मिलिअँपिअर भागिले २६ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.०३८५ सिमेन्स. बेसचा छोट्या सिग्नलपुरता रेझिस्टन्स सुमारे २.६ किलोओहम. गुणा: ०.०३८५ × २६०० = १००. सिमेन्स गुणिले ओहम, एककं कटून गेली आणि बीटा हा नुसता आकडा उरला.

म्हणजे कुणी `0.0385 i_b` लिहिलं किंवा `100 v_be` लिहिलं तर ते छपाईतच चुकलंय, गणित सोडवायचीही गरज नाही.

ट्रान्झिस्टर *खरं तर* कशाच्या हुकमावर चालतो या वादात मी पडत नाही. तो या धाग्यात संपणारा नाही.

---

मास्तर_निवृत्त
मी हा विषय बरीच वर्षं शिकवला. पुस्तकं गेनपुढे एकक लिहीत नाहीत याचा मला कायम राग. कारण विचारलं तर म्हणतात, विद्यार्थ्याने चिन्हावरून ओळखावं. ओळखावं हे खरं, पण मग रेझिस्टरपुढे तरी ओहम का लिहिता? त्यालाही चिन्ह आहेच की.

मी फळ्यावर चौकट काढली की आकड्यापुढे कंसात एकक लिहून घ्यायचो. V/V, A/A, V/A, A/V. मुलं विचारायची, सर V/V लिहून काय उपयोग, कटतंच ना? मी म्हणायचो, कटतं म्हणूनच लिहायचं. पुढे ७४१ ची डेटाशीट उघडाल तेव्हा ओपन लूप गेन २०० V/mV असा दिसेल. ज्याला कटलेलं एकक दिसतं तो त्याचे दोन लाख करतो. ज्याला दिसत नाही तो दोनशेच धरतो.

---

रेडिओवाला
मास्तर, अगदी. यावरून माझा एक किस्सा. प्रकाश मोजायचा बोर्ड होता. फोटोडायोडचा करंट आत, व्होल्टेज बाहेर, म्हणजे धागाकर्तीच्या चौकटीचाच सख्खा भाऊ. सोबतच्या कागदावर लिहिलेलं: गेन 1000. पुढे काहीच नाही. मी धरलं १००० व्होल्ट प्रति अँपिअर. माझ्या डायोडमधून १० मायक्रोअँपिअर यायचे होते, म्हणजे १० मिलिव्होल्ट दिसायला हवे. मी पुढे आणखी एक शंभरपट अँप्लिफायर लावून ठेवला.

चालू केलं तर आऊटपुट सप्लायच्या टोकाला जाऊन चिकटलेलं. प्रकाश झाकला की खाली, बोटभर उजेड आला की परत वर. दोन दिवस मी डायोडला शिव्या घातल्या.

शेवटी डायोड काढला आणि त्याच्या जागी १ मेगाओहमच्या रेझिस्टरमधून १ व्होल्ट दिला. त्या टोकाला इनपुट जवळपास शून्य व्होल्टवरच बसतं, म्हणून आत बरोबर १ मायक्रोअँपिअर जातो. माझा पुढचा अँप्लिफायर काढून मोजलं तर १ व्होल्ट. म्हणजे गेन १ व्होल्ट प्रति मायक्रोअँपिअर. कागदावरचा 1000 व्होल्ट प्रति *मिलि*अँपिअर होता. माझ्या १० मायक्रोअँपिअरला बोर्ड एकटाच १० व्होल्ट मागत होता, आणि सप्लाय होता ५ चा.

बोर्ड उघडल्यावर फीडबॅकला १ मेगाओहमचा रेझिस्टर दिसलाच. आधी उघडला असता तर दोन दिवस वाचले असते.

---

जुना_टेक्निशियन
हे मात्र कळलं. आमच्याकडे एका जुन्या चिपच्या डेटाशीटवर µmho असं लिहिलेलं होतं. मी ते कुठल्या तरी कंपनीचं नाव समजत होतो.

---

टवाळ_टर्मिनल
ohm उलटा वाचा काका. कंपनीचं नाव नाही, ओहमने शीर्षासन केलंय.

---

मास्तर_निवृत्त
बरोबर. १९७१ पासून अधिकृत नाव सिमेन्स, पण mho डेटाशीटमधून अजून गेलेला नाही. सिमेन्स लिहिताना S मोठा लिहा, छोटा s म्हणजे सेकंद. उत्तरपत्रिकेत `0.5 s` वाचून मला बऱ्याचदा वाटायचं, अर्ध्या सेकंदात पेपर आटोपला वाटतं.

---

ओहमकार
मधे एक शंका. मीटरबाई म्हणाल्या की मूळ सर्किटात चौकट रेझिस्टरसारखी वागते. मग डबा बंद असेल आणि दोन टोकं बाहेर असतील, तर आत खरा रेझिस्टर आहे की स्वतःच्याच करंटवर चालणारी चौकट, हे बाहेरून कळेल का?

---

रेडिओवाला
कळेल. खऱ्या रेझिस्टरला उष्णतेमुळे स्वतःचा नॉइज असतो, आदर्श चौकटीला नसतो. नॉइज मोजा.

---

मीटरबाई
आदर्श चौकट डब्यात कुठून आणणार? आत ऑपअँप घालून बनवली तर तिला स्वतःचा नॉइज असेलच, कदाचित जास्तच. आणि करंट वाढवत गेलात तर ती सप्लायपाशी जाऊन अडकेल. माझ्या मते ओळखायची खरी खूण ती, नॉइज नव्हे.

---

रेडिओवाला
करंट छोटा ठेवला तर अडकणार नाही. मी नॉइजवर ठाम आहे.

---

नोडपाशी_अडकलेली
भांडण चालू द्या, मी दुसऱ्या गणितावर पोचलेय आणि परत अडकलेय. इथे मागे उत्तरच दिलेलं नाही.

१२ व्होल्ट, २ किलोओहम, मग नोड A. A पासून ग्राउंडला ४ किलोओहम, त्यावर v_x, प्लस वर. त्याच्याच शेजारी A पासून ग्राउंडला चौकट, आत बाण खाली, शेजारी `0.5 v_x`. v_x काढा.

चौकटीत बाण, हुकूम व्होल्टेजचा. म्हणजे व्होल्टेजवरून करंट, 0.5 चं एकक अँपिअर प्रति व्होल्ट, सिमेन्स. इथवर बरोबर ना? मग मिलिअँपिअरमध्ये ते ५०० झालं:

```
(12 - v)/2 = v/4 + 500v
v = 6/500.75 = 0.012 V
```

१२ मिलिव्होल्ट?! पण 0.5 हे मिलिअँपिअर प्रति व्होल्ट धरलं तर:

```
(12 - v)/2 = v/4 + 0.5v
v = 6/1.25 = 4.8 V
```

४.८ किती छान गोल येतंय. २ किलोओहममधून ३.६ मिलिअँपिअर, ४ किलोओहममधून १.२, चौकटीतून २.४. सगळं जुळतं. कुठलं लिहू?

---

सिम्युलेटर_शंभू
सिम्युलेटरला 0.5 दिलं तर तो सिमेन्सच धरेल आणि १२ मिलिव्होल्ट सांगेल. `0.5m` दिलं तर ४.८. विचारायची सोय नाही त्याला.

---

मीटरबाई
ओळख आणि एकक दोन्ही पक्कं. दोन्ही उत्तरांत बेरीज जुळते, त्यामुळे त्यावरून निवाडा होत नाही. छापलंय तसं वाचायचं तर 0.5 सिमेन्स, उत्तर १२ मिलिव्होल्ट. तुझ्या पहिल्या गणितात त्याच पुस्तकाने 2000 ला ओहमच धरलं होतं, किलोओहम नाही. म्हणजे तिथे आकडे सरळ अँपिअर-व्होल्टमध्येच होते. तो नियम इथेही लावायला हवा.

---

मास्तर_निवृत्त
मी असहमत. लेखकाच्या मनात mA/V होतं हे शेंबडं पोरही सांगेल. किलोओहमच्या सर्किटात अर्धा सिमेन्स म्हणजे नोड A ग्राउंडला जवळपास चिकटवल्यासारखं, २ ओहमचा रेझिस्टर लावल्यासारखं. असा प्रश्न कोणी घालत नाही. मी पेपर तपासत असतो तर ४.८ ला पूर्ण मार्क दिले असते.

---

मीटरबाई
आणि १२ मिलिव्होल्टला?

---

मास्तर_निवृत्त
एकक लिहून दाखवलं असेल तर तेही पूर्ण. न लिहिता नुसतं ०.०१२ लिहिलं असेल तर अर्धे.

---

नोडपाशी_अडकलेली
मी दोन्ही लिहिते, आणि वर ठळक लिहिते की 0.5 पुढे काय धरलंय. आमच्या मॅडमना काय वाटतं ते सोमवारी कळवते.

---

टवाळ_टर्मिनल
मॅडमनी ०.५ मार्क दिला तर एकक विचारून ये.